‘वीस’च्या आधीची मोकळी जागा

यवतमाळकडच्या एखाद्या गावात जूनच्या पहिल्या आठवड्यात बी-बियाणं आणि खत उचललं जातं. कृषी केंद्रवाला उधारीऐवजी चेक मागतो. शेतकरी मराठीत ‘वीस हजार’ लिहितो, चौकटीत 20,000 टाकतो, सही करतो आणि चेक फाडून देतो. मराठीत लिहिलेला चेक पूर्ण ग्राह्य असतो. रिझर्व्ह बँकेने हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याची भाषा, कशातही लिहायला परवानगी दिलेली आहे. त्यामुळे काउंटरवर कोणी “इंग्रजीत लिहून आणा” म्हणालं तर ऐकायची गरज नाही.

धोका आहे तो ‘वीस’ कुठून सुरू केला यात. छापील ‘रुपये’ शब्दानंतर दोन बोटं जागा सोडून ‘वीस’ लिहिला असेल, तर त्याच्या डाव्या अंगाला ‘सव्’ एवढंच जोडायचं, की झालं ‘सव्वीस’. अंकातल्या 20 मधल्या शून्याला वर शेपूट काढलं की 26. खाडाखोड नाही, खोडरबर नाही, शाईही तीच असू शकते. ‘अठ्ठा’ जोडलं तर अठ्ठावीस, आणि शून्याचा आठ करायला किती वेळ लागतो? इंग्रजीत वीसच्या पुढचे आकडे ‘ट्वेंटी’च्या नंतर येतात, म्हणून तिकडे शेवटी ‘ओन्ली’ लिहून वाट बंद करतात. आपल्याकडे एकक आधी बोललं जातं. आपण शेवटी ‘फक्त’ लिहितो आणि निर्धास्त होतो, पण चोराला आत यायचं दार पुढच्या बाजूला असतं.

ही भीती चेकपेक्षा जुनी आहे. वऱ्हाडातला कापूस मुंबईला जायचा आणि पैसा हुंडीवर फिरायचा, तेव्हा सराफ रक्कम एकदाच लिहीत नसत. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पूर्ण हजार, अशा धाटणीने तीच रक्कम पुन्हा पुन्हा यायची. एका जागी आकडा वाढवला तर ‘निमे’ जुळत नाही आणि हुंडी पकडली जाते. चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितो, त्यामागे हीच अक्कल आहे, फक्त निम्म्याची ओळ गळून गेली. हुंडीतला आणखी एक प्रकार होता शहाजोग हुंडी. ती कोणाही रस्त्यावरच्या माणसाला वटवता येत नसे, बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच तिचे पैसे मिळत. आजच्या क्रॉस चेकची ती आजी म्हणायला हरकत नाही.

इंग्लंडमध्ये मोकळ्या जागेवरून खटले झाले. 1827 च्या ‘यंग विरुद्ध ग्रोट’मध्ये मालक बाहेरगावी जाताना कोऱ्या चेकवर सह्या करून बायकोकडे ठेवून गेला. तिच्या सांगण्यावरून कारकुनाने पन्नास पौंडांचा चेक भरला, पण ‘पन्नास’ ओळीच्या मधोमध लिहिला. नंतर त्याच्या आधी ‘तीनशे’ घालून त्याने साडेतीनशे पौंड उचलले. नुकसान मालकाच्या गळ्यात पडलं. मग 1918 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर मॅकमिलन यांच्या पेढीचा खटला आला. कारकुनाने मालकापुढे चेक ठेवला तेव्हा अंकात फक्त 2 पौंड होते, अक्षरी ओळ कोरी होती. घाईत सही झाली. कारकुनाने 2 च्या आधी 1 आणि नंतर 0 घातला, अक्षरी एकशे वीस लिहिले आणि पैसे घेऊन पसार झाला. ज्याने जागा मोकळी सोडली त्यानेच भोगायचं, असा निकाल लागला.

आपल्याकडचा 1881 चा परक्राम्य संलेख कायदा, म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा, याच परंपरेतला आहे. अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी खरी धरायची, असं त्याचं कलम 18 सांगतं. प्रत्यक्षात बँक वाद घालत बसत नाही, चेक परत पाठवते. आणि फेरफार नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल तर रीतसर पैसे देणाऱ्या बँकेला कलम 89 संरक्षण देतं. सव्वीसचा चेक असाच असतो. त्यात दिसण्यासारखं काही नाही.

क्रॉसिंगची गोष्टही लंडनची. अठराव्या शतकात तिथल्या क्लिअरिंग हाउसमध्ये, म्हणजे बँका एकमेकींचे चेक वळते करत त्या जागी, बँकांचे कारकून हिशेब जुळवायला चेकवर आपल्या बँकेचं नाव आडवं लिहीत. पुढे चेक देणारेच दोन रेषा मारू लागले, म्हणजे पैसे रोख न जाता बँकेमार्फतच जावेत. 1857 मध्ये तिथल्या न्यायालयाने म्हटलं की त्या रेषा चेकचा भागच नाहीत. म्हणून लगेच 1858 मध्ये कायदा बदलावा लागला. आपल्या कायद्यात रेषांसाठी कलम 123 आहे. दोन समांतर तिरक्या रेषा पुरतात, मध्ये ‘अँड कंपनी’ लिहिलंच पाहिजे असं नाही. पण नुसत्या रेषांचा चेक दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. ‘अकाउंट पेयी’ लिहिलं की नाव असलेल्याच्याच खात्यात. कृषी केंद्राला द्यायच्या चेकवर वरच्या डाव्या कोपऱ्यात हेच हवं, आणि नावापुढचं छापील ‘या धारक को’ खोडलेलं बरं.

पूर्वी चुकलं तर खोडून शेजारी सही करायची पद्धत होती. गावातल्या बऱ्याच जणांच्या हाताला ती सवय अजून आहे. चेकचा कागद जाऊन त्याचं फक्त छायाचित्र क्लिअरिंगला जाऊ लागलं, तेव्हा ही पद्धत बाद झाली. छायाचित्रावर शाईचा फरक काय कळणार? 1 डिसेंबर 2010 पासून या व्यवस्थेतल्या चेकवर तारखेखेरीज कोणतीही दुरुस्ती चालत नाही, नाव किंवा रक्कम चुकली तर नवा चेक. देशातल्या सगळ्या शाखा या व्यवस्थेत आणायची मुदत सप्टेंबर 2021 ची होती. खेड्यातल्या शाखेपर्यंत हा नियम उशिरा पोचला तो त्यामुळेच.

तारखेचं प्रकरण तसं छोटं. चेक सहा महिने चालायचा, पण काही लोक तो तेवढा काळ हातोहात रोकड म्हणून फिरवू लागले. म्हणून 1 एप्रिल 2012 पासून मुदत तीन महिन्यांवर आली. जूनच्या मध्यात दिलेला चेक सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बँकेत गेला पाहिजे. कापसाच्या चुकाऱ्यासाठी व्यापारी पुढच्या तारखेचा चेक देतो, तिथे तीन महिने त्या लिहिलेल्या तारखेपासून मोजायचे, चेक हातात पडला त्या दिवसापासून नाही. तारीखच न टाकता दिलेला चेक घेऊ नये. आणि आपण देणारे असू तर तारखेची जागा कोरी सोडणं म्हणजे समोरच्याला हवा तो दिवस लिहायची मुभा देणं आहे.

तर तो वीस हजारांचा चेक असा लिहावा: ‘रुपये’ला चिकटून, पहिल्याच अक्षराला जागा न ठेवता ‘वीस हजार फक्त’, उरलेल्या ओळीवर शेवटपर्यंत आडवी रेघ. अंकात ₹ ला खेटून 20,000 आणि मागे ‘/-’. नावाच्या ओळीवरही उरलेल्या जागेत रेघ, कारण नाव लांबवूनही चेक पळवता येतो. शाई पुसली न जाणारी. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी जानेवारी 2021 पासून ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे: तारीख, नाव आणि रक्कम आधीच बँकेला कळवायची, मग चेक आला की बँक ताडून पाहते. वीस हजारांचा चेक त्या जाळीत येत नाही.