सीएआयआयबीतल्या पतविश्लेषणाच्या गणितात गुण कुठे जातात: इंटरेस्ट कव्हरेज, झेड-स्कोअर आणि सॉल्व्हन्सी

बँक कर्मचाऱ्यांच्या सीएआयआयबी परीक्षेचा अर्ज भरणं फारसं अवघड नाही. त्याआधीची जेएआयआयबी परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं आणि परीक्षा घेणाऱ्या आयआयबीएफचं सदस्यत्व चालू असावं लागतं. माणसं अडकतात ती आत गेल्यावर, ताळेबंदावरच्या प्रश्नांत. तिथेही पात्रता आणि कागदपत्रं तपासावी लागतात, फक्त ती तुमची नसून कंपनीची असतात.

आधी पात्रता बघू. कंपनी दिवाळखोरीच्या किती जवळ आहे हे सांगणारा अल्टमन यांचा 1968 चा मूळ झेड-स्कोअर शेअर बाजारात नोंदलेल्या उत्पादक कंपन्यांसाठी होता. त्यातल्या चौथ्या गुणोत्तरात भागभांडवलाचं बाजारमूल्य लागतं. प्रश्नात मात्र बहुतेक वेळा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते, आणि तिचा बाजारभाव कुणाकडेच नसतो. मग विद्यार्थी पुस्तकी मूल्य घेतात आणि मूळ सूत्रात घालून मोकळे होतात. नेमकं इथेच उत्तर चुकतं, कारण पुस्तकी मूल्य घ्यायचं असेल तर गुणांकही बदलतात आणि सीमाही:

```
Z' = 0.717 X1 + 0.847 X2 + 3.107 X3 + 0.420 X4 + 0.998 X5
```

यात X1 म्हणजे खेळतं भांडवल, X2 साठलेला नफा, X3 व्याज आणि करापूर्वीचा नफा आणि X5 विक्री, हे चारही भागिले एकूण मालमत्ता; X4 म्हणजे स्वनिधीचं पुस्तकी मूल्य भागिले एकूण देणी. या सूत्राचा सुरक्षित पट्टा 2.90 च्या वर आणि धोक्याचा 1.23 च्या खाली. मूळ सूत्रात याच सीमा 2.99 आणि 1.81 आहेत.

आता एक कंपनी घेऊ. आकडे लाखांत आहेत. एकूण मालमत्ता 1000, चालू मालमत्ता 450, एकूण देणी 750, विक्री 1100, व्याज आणि करापूर्वीचा नफा म्हणजे ईबीआयटी 90. स्वनिधी 250: भागभांडवल 100, शेअर प्रीमियम 50, साठलेला नफा 100. चालू देणी 360 दिली आहेत आणि खाली बारीक अक्षरात टीप आहे: मुदत कर्जाचे 40 लाखांचे हप्ते 31 मार्चनंतरच्या बारा महिन्यांत देय, वरील आकड्यात धरलेले नाहीत.

ही टीप बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कर्ज सात वर्षांचं आहे म्हणून ते सगळंच दीर्घ मुदतीचं, असं धरलं जातं. कर्जाची मुदत ते मंजूर झालं त्या दिवसापासून मोजायची नसते, ताळेबंदाच्या तारखेपासून मोजायची असते. म्हणून चालू देणी 400, खेळतं भांडवल 50, आणि X1 0.05. X2 मध्ये फक्त साठलेला नफा येतो. शेअर प्रीमियम भागधारकांनी भरलेला पैसा आहे, कमावलेला नाही, म्हणून X2 0.15 नव्हे, 0.10. X3 0.09, X4 म्हणजे 250 भागिले 750, 0.333, आणि X5 1.10. बेरीज 1.64 येते, म्हणजे मधला करडा पट्टा. हेच आकडे मूळ सूत्रात घातले की 1.80 येतात आणि कंपनी थेट धोक्याच्या पट्ट्यात जाते. पर्यायांत दोन्ही उत्तरं हजर असली तर नवल नाही. प्रश्न काढणाऱ्यांना हा खड्डा चांगला ठाऊक असतो.

सेवा क्षेत्रातली कंपनी असेल तर विक्रीचं गुणोत्तर वगळलेलं चार घटकांचं तिसरं सूत्र लागतं. बँक किंवा वित्तसंस्था असेल तर यातलं एकही लावू नका.

इंटरेस्ट कव्हरेजकडे वळू, म्हणजे ईबीआयटी व्याजाच्या किती पट आहे ते पाहू. याच कंपनीचा करोत्तर नफा 24, कर 8, व्याज 58. करोत्तर नफ्यात फक्त व्याज मिळवून 82 घेणारे बरेच भेटतात. करही परत मिळवायचा, तेव्हा 90 होतात. 90 भागिले 58 म्हणजे 1.55. घसारा मिळवायचा नाही. तो हप्ते आणि व्याज फेडण्याची क्षमता मोजणाऱ्या डीएससीआरमध्ये येतो.

पण टीपांमध्ये आणखी एक ओळ असू शकते: उभारणी चालू असलेल्या यंत्रसामग्रीच्या किमतीत 12 लाख व्याज मिळवलं आहे. हे व्याज नफा-तोटा पत्रकात दिसत नाही, पण कंपनीला ते बँकेकडे भरावं लागतंच. एकूण व्याजावर कव्हरेज विचारलं असेल तर छेद 70 होतो, अंश 90 च राहतो, आणि उत्तर 1.29 येतं. बँकेची अट किमान 1.5 ची असेल तर एका ओळीमुळे मंजुरीची नामंजुरी होते. आकडे चार ठिकाणी विखरून ठेवण्याची ही हौस परीक्षकांना कुठून लागते देव जाणे. टीपा आधी वाचा, तक्ता नंतर.

राहिलं एकूण देणी भागिले मूर्त निव्वळ संपत्तीचं गुणोत्तर. 250 मधून गुडविलसारखी अमूर्त मालमत्ता, समजा 30, वजा करा. 750 भागिले 220 म्हणजे 3.41. देण्यांत संचालकांचं 50 लाखांचं विनातारण कर्ज असेल, तर ते संचालकांचं आहे एवढ्यावर स्वनिधीत ढकलू नका. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ते परत घेणार नाही, असं लेखी दिल्याचा उल्लेख प्रश्नात असेल तरच ते अर्ध-भांडवल धरा. मग देणी 700, मूर्त संपत्ती 270 आणि गुणोत्तर 2.59. उल्लेख नसेल तर 3.41 च लिहा.