एका घासाएवढे आयुष्य

स्मशानवैराग्य हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यात दडलेले निरीक्षण किती अचूक आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन मुलगा चितेभोवती फिरतो, मागून कुणीतरी दगडाने मडक्याला भोक पाडतो, पाण्याची बारीक धार मातीत जिरत जाते आणि तेवढ्या दोन-चार मिनिटांत तिथे उभा असलेला प्रत्येक जण मनोमन कबूल करतो की आपलीही पाळी येणार आहे. चिता नीट पेटली की मंडळी कडेच्या बाकांवर बसतात, आवाज हळूहळू वाढतात, कुणी कुणाला गाडी कुठे लावली ते विचारतो; आणि घरी येऊन आंघोळ होईपर्यंत ती कबुली विरून गेलेली असते. माझ्या वडिलांच्या वेळी मडके माझ्याच खांद्यावर होते. तरीही तेराव्यानंतर आठवड्याभरात माझे दिवस पूर्वीच्याच बेफिकिरीने जाऊ लागले. मृत्यू जवळून पाहिला की माणूस बदलतो, हे म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. ज्या परंपरांनी स्वतःच्या मृत्यूचे चिंतन ही साधना मानली, त्यांना हा अपुरेपणा ठाऊक होता आणि त्यांनी त्यावर उपायही शोधला होता.

या साधनेचे सर्वात तपशीलवार शास्त्र बौद्ध पाली वाङ्मयात सापडते. तिथे तिला ‘मरणसति’, म्हणजे मरणस्मृती, असे नाव आहे. बुद्धवचनांचा संग्रह असलेल्या अंगुत्तर निकायात एक प्रसंग येतो. वैशालीजवळच्या नादिका गावी विटांच्या एका विहारात बुद्ध भिक्षूंना विचारतात की तुम्ही मरणस्मृती कशी करता. पहिला सांगतो, मी आणखी एक अहोरात्र जगलो तर बुद्धवचनाचे केवढे चिंतन करता येईल, असा विचार करतो. दुसरा एका दिवसाची मुदत धरतो, तिसरा एक भिक्षान्न जेवण्याएवढ्या वेळाची, चौथा चार-पाच घासांची. पाचवा म्हणतो, एक घास चावून गिळेपर्यंत जगलो तर. सहावा म्हणतो, आत घेतलेला श्वास बाहेर सोडेपर्यंत, किंवा सोडलेला पुन्हा घेईपर्यंत. बुद्धांचा निवाडा असा की पहिले चौघे अजून प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, आहेत आणि शेवटचे दोघेच अप्रमत्त, म्हणजे सावध, आहेत. चार घासांची मुदत धरणाराही नापास ठरतो, हे वाचताना आजही दचकायला होते. पण त्यामागचे कारण सरळ आहे. मुदत जेवढी लांब, तेवढा मृत्यू ही पुढे कधीतरी घडायची गोष्ट राहते, आणि पुढच्या गोष्टी मन सहज दुसऱ्याच्या खात्यावर टाकते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध आचार्याने विशुद्धिमग्ग हा ग्रंथ रचला आणि त्यात या साधनेची रीत बांधून दिली. एकांतात बसून ‘मरणं भविस्सति, जीवितिन्द्रियं उपच्छिज्जिस्सति’, म्हणजे मरण येईल, जगवणारी शक्ती तुटेल, किंवा नुसते ‘मरणं, मरणं’ असे मनात धरावे, एवढेच मूळ काम. मात्र लगेच तो बजावतो की हे काम चुकीच्या पद्धतीने केले तर काय होते. प्रिय माणसाचा मृत्यू आठवला तर शोक उत्पन्न होतो, वैऱ्याचा आठवला तर आनंद होतो. ज्याच्याशी आपला संबंध नाही त्याचा आठवला तर काहीच होत नाही, जसे रोज प्रेते जाळणाऱ्याला होत नाही. आणि स्वतःचा मृत्यू नुसताच आठवला तर, तलवार उगारलेला मारेकरी समोर दिसावा तशी भीती वाटते. या चारही वाटा फसलेल्या आहेत. मरणाच्या विचाराबरोबर स्मृती, संवेग आणि ज्ञान या तिन्ही गोष्टी असतील, तरच ती साधना होते. यातला संवेग, म्हणजे आतून जाणवणारी निकड, हा शब्द मोलाचा आहे. भीती माणसाला जागच्या जागी गोठवते, तर संवेग त्याला हातातल्या कामाकडे वळवतो.

वीस मिनिटांच्या बैठकीत हे प्रत्यक्ष कसे उतरते ते पाहू. पहिली पाच-सात मिनिटे केवळ श्वासाकडे लक्ष ठेवायचे, कारण अस्वस्थ मनाला मरणाचा विचार दिला की ते त्याची गोष्ट रचू लागते. मग ते वाक्य धरायचे आणि बुद्धघोषाने सांगितलेल्या आठ प्रकारांपैकी एकच घ्यायचा. नवख्या माणसाला ‘अनिमित्त’ हा प्रकार सोपा जातो. जगण्याच्या पाच गोष्टींना कसलीही पूर्वसूचना नसते: आयुष्य किती, आजार कोणता, वेळ कोणती, देह कुठे पडेल आणि त्यानंतरची गती काय. यातली एकेक गोष्ट उचलायची, तिचे उत्तर माहीत नाही एवढेच स्पष्ट पाहायचे आणि पुढच्या श्वासावर परतायचे. डोळ्यांपुढे रुग्णालयातली खोली, रडणारी माणसे, आपल्यामागे कोण काय म्हणेल, अशी चित्रे येऊ लागली की आपण साधनेतून कल्पनाविलासात घसरलो, असे ओळखावे. विचार कोरडा पडला, वाक्य पाढ्यासारखे चालू लागले, तर आपण प्रेते जाळणाऱ्याच्या अवस्थेत आहोत. बैठक जमली असेल तर उठताना अंग जड नसते आणि टाळत आणलेले एखादे काम त्याच दिवशी हातून होते. विशुद्धिमग्गात फळे सांगितली आहेत ती अशीच व्यवहारी आहेत: असा माणूस सदा अप्रमत्त राहतो, फार साठा करत नाही आणि वस्तूंबद्दलचा कंजूषपणा त्याला चिकटत नाही.

साठा न करण्याचा हा दावा तपासून पाहता येण्याजोगा आहे आणि मानसशास्त्राने तो, नकळत का होईना, तपासला आहे. 1980च्या दशकात ग्रीनबर्ग, पिशिन्स्की आणि सॉलोमन या अमेरिकी संशोधकांनी अशी मांडणी केली की मृत्यूची आठवण करून दिली की माणूस आपल्या समूहाच्या श्रद्धांना अधिक घट्ट धरून बसतो. त्यांचे साधन अगदी साधे होते. सहभागी व्यक्तीला दोन प्रश्न दिले जात: स्वतःच्या मृत्यूच्या विचाराने तुमच्या मनात काय भावना येतात, आणि मरताना व मेल्यावर तुमच्या शरीराचे काय होईल. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 22 नगर न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाच्या आरोपाचे एक काल्पनिक प्रकरण दिले गेले. ज्यांनी आधी हे दोन प्रश्न सोडवले होते त्यांनी सरासरी 455 डॉलरचा जामीन ठरवला, तर बाकीच्यांनी 50 डॉलरचा. अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून याच मांडणीतला दुसरा एक प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अपेक्षित परिणाम दिसला नाही. त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा डोलारा उभारू नये. तरी बुद्धघोषाची चौथी फसलेली वाट इथे ओळखू येते. मृत्यूचा ओझरता धक्का देऊन तसेच सोडून दिले, तर माणूस उदार होईल याची काही हमी नाही.

2004 साली कोझोलिनो आणि सहकाऱ्यांनी हा धक्का बदलून पाहिला. त्यांनी सहभागींना एक प्रसंग वाचायला दिला: मित्राच्या विसाव्या मजल्यावरच्या घरात मध्यरात्री जाग येते, सगळीकडे धूर आहे आणि सुटकेचा मार्ग नाही. मग त्यांना लिहायला सांगितले की त्या क्षणी मनात काय येईल, शेवटचे क्षण कसे घालवाल, आजवर जगलेल्या आयुष्याकडे पाहून काय वाटेल. त्यानंतर सोडतीची तिकिटे हवी तेवढी घ्यायला सांगितली. पैसा आणि प्रतिष्ठा यांना महत्त्व देणाऱ्या लोकांनी दोन कोरड्या प्रश्नांनंतर हावरटपणा दाखवला, पण या सविस्तर चिंतनानंतर त्याच प्रकारचे लोक निःस्वार्थीपणे वागले. मरण तेच होते. फरक होता तो स्वतःचे, ठरावीक जागेचे आणि आयुष्याशी जोडलेले मरण पाहण्यात.

मन मरणाला इतके दूर का ठेवते, याचा एक धागा इस्रायलमध्ये 2019 साली झालेल्या मेंदूच्या अभ्यासात मिळतो. पडद्यावर एकच चेहरा पुन्हा पुन्हा दाखवून मध्येच वेगळा चेहरा आला, की अंदाज चुकल्याचा एक विद्युतसंकेत मेंदू देतो. चेहऱ्याबरोबर मृत्यूशी निगडित शब्द असले आणि चेहरा स्वतःचा असला, तेव्हा तो संकेत मावळलेला आढळला. मृत्यू आणि आपण यांची सांगड घालून मेंदू अंदाजच बांधत नाही, असा अर्थ संशोधकांनी लावला. यक्षप्रश्नात युधिष्ठिर हेच सांगतो: रोज प्राणी यमसदनी जातात आणि उरलेले मात्र स्थिर राहू पाहतात, याहून मोठे आश्चर्य कोणते! समर्थांच्या ‘मरे एक त्याचा दुजा शोक वाहे, अकस्मात तोही पुढे जात आहे’ या चरणांतला ‘तोही’ हा शब्द नेमक्या याच आंधळ्या जागेवर बोट ठेवतो.

ही आंधळी जागा केवळ तत्त्वज्ञान शिकून भरून निघत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिबेटी भिक्षू, भूतानी बौद्ध, भारतातील हिंदू आणि अमेरिकी लोक यांना मृत्यूच्या भीतीबद्दल विचारले गेले. स्थिर असा आत्मा नाही, हे भिक्षूंना पक्के पटलेले होते. तरीही स्वतःच्या नष्ट होण्याची भीती त्यांच्यातच सर्वाधिक निघाली. हे भिक्षू मुरलेले ध्यानी नव्हते, असे संशोधकांनीच नमूद केले आहे. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण चार घासांवर थांबलेल्या भिक्षूला बुद्धांनी प्रमादी का म्हटले ते त्यातून उमगते. नुसती कल्पना पटणे म्हणजे त्या चौघांच्या ओळीत बसणे होय.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात पाकूवियसची हकीकत सांगतो. सीरियात सत्ता गाजवलेला हा गृहस्थ रोज रात्री मद्य आणि मेजवानीनिशी स्वतःचे अंत्यसंस्कार करून घेई, आणि ‘तो जगून झाला’ असे गाणे चालू असताना नोकर त्याला उचलून शय्येकडे नेत. सेनेका म्हणतो, त्याने जे मलिन मनाने केले ते आपण शुद्ध मनाने करावे: झोपताना ‘मी जगलो’ असे म्हणावे, आणि सकाळ झाली तर ती वरकड मिळकत समजावी. साधनेची मुदत इथे एका दिवसाची आहे, म्हणजे नादिकाच्या कसोटीवर ढिली. पण रोज निजताना करायची असल्यामुळे ती चुकत नाही. तुकोबांच्या ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ या अभंगात मुदतीचा प्रश्नच उरत नाही. तिथे मरण होऊन गेलेले आहे आणि सांगणारा ‘तो झाला सोहळा अनुपम्य’ म्हणतो.

या साधनेची धोक्याची बाजूही पाली ग्रंथांनीच नोंदवून ठेवली आहे. वैशालीला बुद्धांनी भिक्षूंना अशुभभावना, म्हणजे देहाच्या ओंगळपणाचे चिंतन, शिकवले आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. परतले तेव्हा संघ विरळ झालेला दिसला. देहाची शिसारी येऊन अनेक भिक्षूंनी स्वतःचा अंत केला होता. अशुभभावना आणि मरणस्मृती वेगळ्या असल्या तरी शेजारच्या आहेत. म्हणून नुकताच शोक झालेल्याने, खिन्नतेच्या आजारातून जाणाऱ्याने किंवा जगणे नकोसे वाटणाऱ्याने ही साधना एकट्याने सुरू करू नये. आधी डॉक्टरांशी आणि जवळच्या माणसाशी बोलावे. बाकीच्यांनीही जगण्याविषयी किळस वाटू लागली, झोप उडाली किंवा दिवसभर उदासी टिकली, तर ती प्रगतीची खूण न मानता त्याच दिवशी थांबावे. वैशालीत बुद्धांनी आनंद या शिष्याकडून उरलेल्या भिक्षूंना एकत्र बोलावले आणि चिंतनाचा विषय बदलून दिला: दीर्घ श्वास घेताना दीर्घ श्वास घेतो आहे हे जाणावे, आखूड घेताना आखूड घेतो आहे हे जाणावे.