पाती रुतली की छाती चालते

जोर मारताना खांद्यांची पाती पाठीवर मोकळी फिरत असतात. अंग खाली गेलं की ती मणक्याकडे येतात, वर आलं की बरगड्यांवरून पुढे सरकतात. त्यांना पुढे ओढणारा स्नायू काखेच्या खाली, बरगड्यांच्या बाजूला असतो. कडा करवतीच्या दात्यांसारख्या, म्हणून नाव सेरेटस. तालमीतल्या पोरांच्या काखेखाली बोटं उमटल्यासारख्या रेषा दिसतात, त्या याच्याच. बेंचवर उताणं झोपून रॉड वर ढकलायच्या बेंच प्रेसमध्ये मात्र पात्यांचं हे फिरणंच थांबवायचं असतं. ज्यांचं अंग जोरावर तयार झालंय, त्यांना हे सगळ्यात जड जातं.

आमच्या जिममधला एकोणीस वर्षांचा एक मुलगा ६० किलोचे पाच रेप मारायचा, म्हणजे रॉड पाच वेळा छातीवर आणून वर ढकलायचा. पहिले तीन झकास. चौथ्याला उजव्या खांद्यात पुढून टोचायचं आणि पाचव्याला रॉड अर्ध्यावर अडायचा. छाती कमजोर आहे, असं त्याचं म्हणणं. मी बाजूला उकिडवा बसून पाहिलं, तर पहिल्या रेपला हात सरळ झाल्यावर रॉड जिथे थांबायचा, त्यापेक्षा चौथ्याला तो दोनेक बोटं वर जात होता. हात काही लांब होत नाहीत. दर रेपला खांदाच बेंचवरून सुटून वर येत होता.

यात काय बिघडतं? छातीच्या मोठ्या स्नायूचं एक टोक गळपट्टीच्या हाडाला, छातीच्या मधल्या हाडाला आणि बरगड्यांना धरलेलं असतं, दुसरं दंडाच्या हाडाला. खांदा पुढे आला की ही दोन्ही टोकं जवळ येतात आणि स्नायू आखडलेल्या जागेवरूनच ओढायला लागतो. तिथून त्याची ओढ कमी पडते. मग उरलेलं काम खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडामागच्या ट्रायसेप्सवर येतं. शिवाय पुढे आलेल्या खांद्यावर रॉड खाली घेतला, तर दंडाचं हाड सांध्याच्या पुढच्या बाजूला दाबलं जातं. टोचण्याचं ठिकाण तेच.

उलट पाती एकमेकांकडे आणि थोडी कमरेच्या दिशेने ओढून बेंचमध्ये रुतवली, की सांधा मागे बसतो, छाती वर येते, स्नायू ताणलेल्या जागेवरून काम सुरू करतो. पात्यांमधले ऱ्होम्बॉइड आणि ट्रॅपेझियस हे स्नायू हलत नाहीत, पण आवळून धरून असतात. सेरेटसला फारसं काम उरत नाही. म्हणूनच बेंच करणाऱ्यानेही जोर सोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पाती सुटतात ती बहुतेकदा पहिल्या रेपच्याही आधी, रॉड ठेवायच्या आकड्यांवरून तो उचलताना. अनेक जिममध्ये बेंचचे आकडे वेल्डिंग करून पक्के बसवलेले असतात. हात आखूड असतील तर रॉड आकड्याबाहेर काढायला खांदे वर ढकलावेच लागतात आणि नीट रुतवून बसवलेली पाती तिथेच विस्कटतात. इलाज साधा आहे: स्पॉट देणाऱ्याने, म्हणजे डोक्याशी मदतीला उभ्या असलेल्याने, रॉड उचलून खांद्याच्या वर आणून द्यायचा. आपण तो ढकलायचा नाही, फक्त धरायचा.

आता कमान. कमान म्हणजे कमरेखाली पोकळी, एवढीच समजूत असते. पण कामाची कमान वरच्या पाठीत असते. बरगड्यांचा पिंजरा वर उचलला जातो, तर खांदे आणि कुल्ले बेंचवर टेकलेले राहतात. वजनाचा भार वरच्या पाठीतून थेट बेंचमध्ये उतरतो. खांद्यावर रॉड घेऊन बैठक मारताना कणा उभा दाबला जातो, तसं इथे होत नाही. तरीही मागे वाकल्यावर ज्यांची कंबर दुखते, त्यांनी मोठी कमान करू नये.

छाती ५ सेंटिमीटर वर आली, की रॉडचा ३५ सेंटिमीटरचा प्रवास ३० वर येतो. पण स्नायूंच्या दृष्टीने मोठा फरक कोनाचा आहे. पिंजरा तिरका झाला की रॉड सरळ वरच जात असला, तरी धडाच्या हिशेबाने आपण थोडं पायांच्या दिशेने ढकलत असतो. अशा ढकलण्यात छातीचे मधले आणि खालचे तंतू ओढीच्या रेषेत येतात. गळपट्टीच्या हाडाकडून येणारे वरचे तंतू आणि खांद्याचा पुढचा भाग यांचा वाटा घटतो. बेंच डोक्याकडून उचलून तिरकं केलं, की नेमकं उलट होतं.

कमानीचा तोटाही आहे. ती जितकी मोठी, तितका छातीचा स्नायू खाली कमी ताणला जातो. ज्याला मोठं वजन उचलायचंय त्याला हे चालतं. ज्याला छाती भरायचीय त्याने मध्यम कमानीवर थांबावं. पॉवरलिफ्टिंगमध्ये काहींची कमान इतकी वाढली होती, की रॉड जेमतेम हलायचा. त्यामुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ पासून नियम केला: रॉड छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याच्या खाली आलीच पाहिजे.

ही कमान टिकवायचं काम पायांचं. पायांचा जोर म्हणजे कुल्ले वर उडवणं नव्हे. स्पर्धेत कुल्ले सुटले की लिफ्ट बाद होते. झोपाळ्यावर बसून आपण पायांनी जमीन पुढे रेटतो आणि झोपाळा मागे जातो. अगदी तसाच जोर इथे हवा. पावलं पूर्ण टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या खाली किंवा जराशा मागे, आणि जमीन पायांच्या बोटांच्या दिशेने रेटायची. मांडीचे पुढचे स्नायू आवळतात, अंग डोक्याकडे सरकू पाहतं, पण रुतलेली पाती त्याला अडवतात. त्या अडण्यातून छाती वर टिकून राहते. रॉड उचलतात ते हातच, पाय फक्त त्यांचा पाया ढासळू देत नाहीत. बेंचवर टॉवेल टाकला असेल तर अंग खरंच सरकतं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

पाय उचलून बेंच केलं तर? २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी तरुणांच्या अंगावर इलेक्ट्रोड लावून हे तपासलं. कमाल वजनाच्या ६० टक्के वजनावर, पाय वर असताना छातीसह तपासलेल्या स्नायूंमधली विद्युत हालचाल जास्त भरली. काही जण यावरून पाय वर घेणंच चांगलं ठरवतात. मला ते पटत नाही. आधार गेल्यावर तेच वजन अंगाला अवघड पडतं, म्हणून हालचाल वाढते. पाय टेकवून आपण त्याहून जड वजन घेऊ शकतो, तो हिशेब या मोजणीत येत नाही.

त्या मुलाला मी ५० किलोवर आणलं. रॉड हातात दिला, टाचा मागे घ्यायला लावल्या, आणि दर रेपला हात सरळ झाले की एक श्वास थांबून पाती अजून बेंचला चिकटलीत का, ते चाचपायला सांगितलं. रॉड निपलच्या किंचित खाली टेकायचा आणि वर जाताना जरा डोक्याकडे सरकून खांद्याच्या बरोबर वर थांबायचा. बाजूने मोबाइल लावून शूटिंग केलं. पहिल्या आणि पाचव्या रेपला रॉड एकाच उंचीवर थांबत होता. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, की या वेळी खांदा नाही, छातीच्या मधल्या हाडाजवळ दुखतंय.