वॉरंटीची तरतूद आणि स्थगित कर: आजची पद्धत कुठून आली

विकलेल्या मालाच्या वॉरंटीचा पुढे येणारा खर्च अंदाजाने काढून, त्याची तरतूद करून विक्रीच्याच वर्षात दाखवायचा, हे हिशेबशास्त्राचं जुनं तत्त्व. कर खात्याला मात्र अंदाजाने केलेली वजावट कधीच फारशी रुचली नाही. अमेरिकेत १९५४ च्या करसंहितेत कलम ४६२ घालून अंदाजी खर्चाच्या तरतुदीला वजावट दिली गेली. महसुलाची गळती अपेक्षेपेक्षा फार मोठी होणार असं दिसताच १९५५ मध्ये ते कलम पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झालं. पैसे प्रत्यक्ष दिले की मगच वजावट, असा नियम जिथे आहे तिथे ताळेबंदातली तरतूद आणि कराचा हिशेब यांत फरक पडतोच. प्रश्न उरतो तो या फरकाची नोंद कशी करायची हा.

एक उदाहरण घेऊ. कराचा दर ३० टक्के. पहिल्या वर्षी १,००,००० ची तरतूद केली, दुरुस्त्यांवर २०,००० दिले, वर्षअखेर ८०,००० शिल्लक. तरतुदीनंतरचा नफा ५,००,०००. करपात्र उत्पन्न काढताना १,००,००० परत मिळवायचे आणि दिलेले २०,००० वजा करायचे: ५,८०,०००. कर १,७४,०००. उरलेल्या ८०,००० वर पुढे २४,००० कर वाचणार, म्हणून तेवढी स्थगित कर मालमत्ता. नफा-तोट्यात कराचा खर्च १,७४,००० वजा २४,०००, अर्थात १,५०,०००, म्हणजे नफ्याच्या बरोबर ३० टक्के.

इथवर नफा-तोट्यावर भर देणारी जुनी पद्धत आणि ताळेबंदावर आधारलेली नवी पद्धत सारखंच उत्तर देतात. दुसऱ्या वर्षी त्यांची फारकत होते. समजा, तरतूद १,१०,०००, दिलेली रक्कम ९०,०००, अखेरची शिल्लक १,००,०००. नफा ६,००,०००, करपात्र उत्पन्न ६,२०,०००, कर १,८६,०००. वर्ष संपण्यापूर्वीच कायदा होऊन पुढच्या वर्षापासून दर २५ टक्के ठरला आहे.

अमेरिकेत १९६७ च्या ‘एपीबी ओपिनियन ११’ या हिशेब मानकाने जी स्थगन पद्धत रूढ केली, तिचा सगळा भर नफा-तोटा पत्रकावर होता. फरक ज्या वर्षी निर्माण झाला त्या वर्षीचा दर लावायचा आणि नंतर दर बदलला तरी शिल्लक हलवायची नाही. त्या पद्धतीने इथे मालमत्ता ३०,००० दिसते आणि कराचा खर्च १,८०,००० इतका नीटनेटका येतो. पण प्रत्यक्षात वाचणार २५,०००च. ताळेबंदातले ५,००० कशाचेच नाहीत, आणि या पद्धतीवरची टीका मुख्यतः याच मुद्द्यावर होती.

डिसेंबर १९८७ मध्ये ‘एसएफएएस ९६’ हे नवं अमेरिकी मानक आलं आणि हिशेब ताळेबंदाकडे वळला. दर बदलला की शिल्लकही बदलायची. पण वॉरंटीसारख्या फरकाला या मानकाने जवळपास दारातच अडवलं. भविष्यातला नफा गृहीत धरायला मनाई होती. वजावट भविष्यात करपात्र ठरणाऱ्या दुसऱ्या फरकांसमोर किंवा मागच्या वर्षांच्या भरलेल्या करासमोर बसेल, तेवढीच मालमत्ता दाखवता येई. त्यासाठी कोणता फरक कोणत्या वर्षी मिटेल याची वर्षवार तक्ता बनवावा लागे. परिणामी दरवर्षी नफ्यात असलेल्या कंपनीलाही वॉरंटीचा करलाभ अनेकदा पूर्ण दाखवता येईना. अंमलाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली, यावरूनच मानकाची अवस्था कळते.

फेब्रुवारी १९९२ च्या ‘एसएफएएस १०९’ने ताळेबंदाचा पाया ठेवला आणि दार उघडलं: मालमत्ता पूर्ण नोंदवा, पण लाभ मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक नसेल तितका भाग वेगळ्या वजातीने कमी करा. १९९६ मध्ये सुधारलेल्या ‘आयएएस १२’ या आंतरराष्ट्रीय मानकाने वेगळी वजात ठेवली नाही. पुरेसा करपात्र नफा संभाव्य असेल तेवढीच मालमत्ता नोंदवायची. याच मानकाच्या भाषेत तरतुदीचा ‘करआधार’ म्हणजे पुस्तकी रक्कम वजा पुढे मिळणारी वजावट. आपल्या उदाहरणात १,००,००० वजा १,००,०००, म्हणजे शून्य. संपूर्ण शिल्लक तात्पुरता फरक ठरते.

नव्या पद्धतीने दुसऱ्या वर्षीची मालमत्ता २५,०००. आधीचे २४,००० होते, म्हणून वाढ फक्त १,०००. कराचा खर्च १,८५,०००. नफ्याच्या ३० टक्क्यांपेक्षा तो ५,००० ने जास्त दिसतो. ही चूक नव्हे: १,००,००० वर ५ टक्क्यांनी घटलेला लाभ याच वर्षी सोसला आहे, आणि करखर्चाच्या जुळवणीत तो ‘दरबदलाचा परिणाम’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवावा.

जुन्या सवयीचे अवशेष कामकाजात अजून भेटतात. वर्षाच्या तरतूद-खर्चावर थेट दर लावणं हा त्यातला नेहमीचा. इथे ते केलं तर १,१०,००० वर २७,५०० येतात. पैसे दिल्यामुळे मिटलेला फरक गणतीतून सुटतो आणि ही चूक दरवर्षी साचत जाते. दुसरी गफलत न वापरलेली तरतूद परत घेताना होते. ती रक्कम नफ्यात येते, पण तिच्यावर कधी वजावटच घेतली नसल्याने करपात्र उत्पन्नातून ती वगळायची असते. वगळली नाही, तर एकाच रकमेवर दोनदा कर भरला जातो. पडताळा सोपा आहे: अखेरची तरतूद गुणिले फरक मिटेल तेव्हाचा दर, आणि मालमत्तेच्या खात्यातली शिल्लक. वसुलीबद्दल शंका म्हणून काही कमी केलेलं नसेल, तर दोन्ही आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत.