शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन आणि सामाजिक सुरक्षा (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आयटीआय झालेला मुलगा कारखान्यात 'अप्रेंटिस लागला' की घरचे लोक पहिल्यांदा विचारतात, 'फंड कापतात का?' जळगाव एमआयडीसीतला पाइपाचा किंवा चटईचा कारखाना असो, भुसावळची रेल्वे असो की एसटीची कार्यशाळा, उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. तेवढ्यावरून मालक फसवतो आहे असे ठरत नाही. मुलगा कोणत्या कागदावर कामाला घेतला आहे, ते आधी पाहावे लागते.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ च्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. त्याला मिळणारी रक्कम म्हणूनच वेतन नव्हे, विद्यावेतन म्हटली जाते. फरक नुसता नावाचा नाही. वेतन हा झालेल्या कामाचा मोबदला आहे. त्याला किमान वेतनाचा पाया असतो आणि जादा तासांचा वाढीव दर मिळतो. विद्यावेतन शिकण्याच्या काळातल्या निर्वाहासाठी असते. ते नगावर म्हणजे पीस रेटने देता येत नाही, त्यावर उत्पादन बोनस लावता येत नाही, आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय उमेदवाराला जादा तास राबवता येत नाही. ज्याच्याकडून रोज ठरावीक नग काढून घेतले जातात, त्याला अप्रेंटिस म्हणणे मुळातच शंकास्पद ठरते.

२०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. ही रक्कम पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायची असते, आणि किरकोळ किंवा वैद्यकीय रजेचे पैसे त्यातून कापता येत नाहीत. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकते. त्यामुळे ८,०५० रुपयांचा करार असलेल्या मुलाच्या पासबुकात कंपनीकडून ६,५५० आणि सरकारकडून १,५०० अशा दोन नोंदी वेगवेगळ्या दिवशी दिसतात. सरकारी वाटा उशिरा आला की कंपनीने दीड हजार खाल्ले, अशी ओरड होते. ती दर वेळी खरी नसते.

निवृत्तिलाभाच्या बाबतीत कायदा कोरडा आहे. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत अप्रेंटिस येत होता, पण १९६१ च्या अधिनियमाखाली किंवा आस्थापनेच्या स्थायी आदेशांखाली, म्हणजे नोकरीच्या अटींच्या प्रमाणित नियमांखाली, घेतलेला अप्रेंटिस तिथेच वगळला होता. रुपयांत पाहू. १५,००० रुपये मूळ वेतनाच्या कामगाराचे १२ टक्क्यांनी १,८०० कापले जातात आणि मालक तेवढेच घालतो. मालकाच्या वाट्यातले सुमारे १,२५० पेन्शनकडे जातात. वर्षाला एकूण ४३,२०० रुपये त्याच्या नावावर जमा होतात. शेजारच्या यंत्रावरच्या अप्रेंटिसच्या नावावर शून्य. पैशापेक्षाही मोठा तोटा दुसरा आहे. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि प्रशिक्षणाचे वर्ष त्यात धरले जात नाही.

विम्याचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे, आणि गैरसमजही इथेच जास्त आहेत. राज्य कामगार विमा, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'ईएसआय', अधिनियमाखालच्या अप्रेंटिसला मिळत नाही. ताप, ऑपरेशन, बाळंतपण यांचा खर्च त्याच्या घरावर पडतो. आधार म्हणून उरते ती शिधापत्रिकेवरची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. पण कामावर अपघात झाला तर तो उघडा पडत नाही. अधिनियमाचे कलम १६ अपघाताची भरपाई मालकावर टाकते आणि कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा काही बदलांसह त्याला लावते. मालकाने विमा उतरवलेला असो वा नसो, ही जबाबदारी टळत नाही. कारखाना कायद्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदीही त्याला कामगाराप्रमाणेच लागू होतात, म्हणून यंत्राच्या पट्ट्याला जाळी नसणे हा अप्रेंटिसच्या बाबतीतही मालकाचाच दोष असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जळगावच्या पाइप कारखान्यातला २० वर्षांचा फिटर अप्रेंटिस, विद्यावेतन ८,०५० रुपये. कटिंग मशीनवर त्याची तर्जनी पूर्ण गेली. भरपाईच्या हिशोबात 'वेतन' म्हणजे विद्यावेतन धरले जाते. त्याचे ६० टक्के म्हणजे ४,८३०. वय २० साठी भरपाईच्या कायद्याने ठरवलेला गुणक २२४. गुणाकार येतो १०,८१,९२०. संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे त्याच कायद्याचे परिशिष्ट मानते, म्हणून भरपाई साधारण १,५१,४६९ रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा. तोच मुलगा १५,००० वेतनावर असता, तर याच बोटाचे याच सूत्राने २,८२,२४० झाले असते. विद्यावेतन कमी असल्याची झळ अशी अपघातातही लागते. हे पाहता 'शिकतोय तोवर कमी पैसे चालतील' हे वाक्य जरा जपूनच बोलावे.

आता कागद. खरा अप्रेंटिस तोच, ज्याचा करार शासनाच्या apprenticeshipindia.gov.in या पोर्टलवर (पदवी-पदविकाधारकांसाठी वेगळे पोर्टल आहे) नोंदलेला असतो आणि ज्याच्याकडे कराराची प्रत असते. गावोगावच्या लहान कारखान्यांत 'ट्रेनी' हा शब्द मात्र सैल वापरला जातो. बारावी झालेला मुलगा, साध्या कागदावरचे पत्र, 'सहा महिने ट्रेनिंग', आणि पहिल्या आठवड्यापासून पाळीत पूर्ण उत्पादन. नोंदणीकृत करार नसेल आणि स्थायी आदेशांचाही आधार नसेल, तर तो कायद्याच्या नजरेत कर्मचारीच ठरतो. आस्थापनेला फंड लागू असेल, म्हणजे साधारणपणे तिथे वीस किंवा अधिक माणसे असतील, तर पहिल्या दिवसापासून फंड द्यावा लागतो. स्थायी आदेशांच्या आधाराची कक्षा बरीच रुंद होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंगळूरच्या सुपारी-कोको सहकारी संस्थेच्या प्रकरणात आदर्श स्थायी आदेशांखालचे प्रशिक्षणार्थीही फंडाच्या कक्षेबाहेर धरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत मात्र फक्त १९६१ च्या अधिनियमाखालचा अप्रेंटिस वगळला आहे, स्थायी आदेशांचा उल्लेख नाही. नोंदणी न करता ट्रेनी ठेवणाऱ्यांची अडचण त्यामुळे वाढली आहे.

उलटी खूणही ओळखावी. अप्रेंटिसच्या विद्यावेतनातून फंडाच्या नावाने १२ टक्के कापलेले दिसले, तर दोनच शक्यता उरतात. एक, तो प्रत्यक्षात वेतनावर आहे आणि यूएएन या फंड-खाते क्रमांकाच्या पासबुकात मालकाचा वाटाही दिसायला हवा. दुसरी, पासबुक रिकामे आहे आणि कापलेले पैसे दुसरीकडेच गेले आहेत. पहिल्यात त्याला कर्मचाऱ्याचे सगळे हक्क मागता येतात, दुसऱ्यात कापलेल्या पैशांची पावती मागून भविष्य निधी कार्यालयात तक्रार करावी लागते.