आपली जादा आलेली रक्कम आम्ही परत करत आहोत

सप्रेम नमस्कार,

आपल्या मागील बिलापोटी आमच्याकडे 5,000 जादा जमा झाले आहेत. हे पैसे आपले आहेत आणि पाच कामकाजाच्या दिवसांत ते आपल्या खात्यात परत येतील. त्यासाठी आपल्याला अर्ज करायची गरज नाही.

घडलं असं. ऑर्डर देताना आपण 5,000 आगाऊ भरले होते. काम झाल्यावर आम्ही 18,400 चं बिल पाठवलं, म्हणजे आपल्याकडून 13,400 येणं बाकी होतं. पण बिलावर एकूण रक्कम ठळक होती आणि आगाऊ रकमेची वजावट तळाशी बारीक अक्षरांत. आपण ठळक आकडा भरलात, आणि तसं होणं स्वाभाविक होतं. ही चूक आमच्या बिलाच्या मांडणीची आहे, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. महिनाअखेरीस बँक स्टेटमेंट आणि खातेवही जुळवताना आपल्या नावावर बाकी शून्य यायला हवी होती, तिथे 5,000 जमा दिसले, तेव्हा हे उघड झालं. यापुढे बिलावर ‘आता भरायची रक्कम’ सर्वांत वर असेल.

पैसे ज्या खात्यातून आले, त्याच खात्यात जातील. दुसरा खाते क्रमांक फोनवर किंवा मेसेजवर कळवला, तर आम्ही तो स्वीकारत नाही, कारण आपल्या नावाने दुसरंच कुणी परतावा मागू शकतं. मूळ खातं बंद झालं असेल तर बँक पैसे आमच्याकडे परत पाठवते. तसं झालं, तर आमच्याकडे नोंदवलेल्या आपल्या नंबरवर आम्हीच फोन करू आणि नव्या खात्याचा कागद मागू. परतावा मिळवण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. कुणी तो मागितला, तर तो माणूस आमचा नाही असं समजावं.

आपल्या हिशेबनिसांना एक गोष्ट जरूर सांगा. या परताव्यासाठी आम्ही क्रेडिट नोट देणार नाही. क्रेडिट नोट बिलाची रक्कम कमी करण्यासाठी असते, उदाहरणार्थ माल परत आला किंवा दर चुकीचा लागला तर. आपलं 18,400 चं बिल बरोबरच आहे, त्यावरचा करही बदलत नाही. फक्त पैसे जास्त आले. त्यामुळे आलेले 5,000 उत्पन्नात न धरता आमच्या खात्यावर जमा दाखवावेत. आगाऊ रक्कमही त्याच खात्यावर नोंदवलेली असेल, तर आमची बाकी शून्य होईल. ती शून्य होत नसेल, तर बहुधा आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यावर राहिली आहे. आधी तिथे पाहावं.

परताव्याऐवजी ही रक्कम पुढच्या बिलात वळती करून हवी असेल, तर दोन दिवसांत लेखी कळवा. आपल्याला न विचारता आम्ही ती ठेवून घेणार नाही. पैसे पाठवल्यावर व्यवहार क्रमांक आणि बिल क्रमांक एकत्र कळवू.

आपला नम्र,
व्यवसायाचा मालक