पिको प्रश्न (दाबजन्य इजा-प्रतिबंधाच्या परिचर्या संशोधनात)

रुग्णगट, उपाय, तुलना आणि फलित हे चार घटक एका वाक्यात बांधणाऱ्या संशोधन-प्रश्नाला पिको प्रश्न म्हणतात. ही चौकट सामान्यतः रिचर्डसन व सहकाऱ्यांच्या 1995 सालच्या लेखाकडे नेली जाते. कालावधी हा पाचवा घटक पुढे जोडला गेला आणि परिचर्येत पिकॉट हे रूप रुळले. कालावधी वेगळा घटक मानावा की फलितातच धरावा, याविषयी एकमत नाही. दाबजन्य इजेपुरते पाहता तो फलितातच लिहिणे अधिक सोयीचे, कारण किती दिवसांत झालेली इजा मोजायची हे ठरल्याशिवाय फलिताला अर्थ येत नाही.

‘दाबजन्य इजा’ ही संज्ञाही तशी नवी आहे. बोलण्यात बेडसोर आणि मराठी वैद्यकीय लेखनात शय्याव्रण हे शब्द आहेत. अमेरिकेतील दाबजन्य व्रणांविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने 2016 मध्ये ‘व्रण’ सोडून ‘इजा’ हा शब्द घेतला, कारण पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेलीच नसते. प्रस्तावात कोणते वर्गीकरण वापरले हे त्यामुळे लिहावे लागते.

पदव्युत्तर परिचर्येच्या सिनॉप्सिसमध्ये पुष्कळदा आढळेल असा एक विषय घेऊ: ‘रुग्णांमध्ये बेडसोर टाळण्यासाठी पोझिशन बदलण्याची परिणामकारकता’. यात तुलनाच नाही. अजिबात कूस न बदललेला गट ठेवणे नीतीला धरून होणार नाही, म्हणून तुलना वॉर्डातील चालू पद्धतीशीच करावी लागते. ही चालू पद्धत नेमकी काय, हा खरा अवघड भाग आहे. तक्त्यावर ‘दर 2 तासांनी’ असे लिहिलेले असते, पण रात्रपाळीत एका परिचारिकेकडे बरेच रुग्ण असले की दोन सह्या एकदमच होतात. अभ्यासाआधी आठवडाभर प्रत्यक्ष निरीक्षण करून दोन वेळा कूस बदलण्यातले अंतर नोंदवले, तरच ‘नेहमीची काळजी’ या शब्दांना मजकूर मिळतो. नाहीतर उपाय आणि तुलना दोन्हींकडे एकच गोष्ट घडते आणि फरक दिसत नाही.

दुसरी अडचण गादीची. डेफ्लूर व सहकाऱ्यांच्या 2005 च्या बेल्जियममधील अभ्यासात विशेष फोमच्या गादीवर दर 4 तासांनी कूस बदललेल्यांना दुसऱ्या टप्प्याच्या किंवा त्यापुढील इजा सर्वांत कमी झाल्या. तिथे 2 आणि 3 तासांचे गट मात्र साध्या गादीवर होते, त्यामुळे श्रेय वेळेचे की गादीचे हे सुटत नाही. बर्गस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातील शुश्रूषागृहांतील 942 वृद्धांना दाट फोमच्या गादीवरच ठेवले. तेव्हा 2, 3 आणि 4 तासांच्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वेळेपुरता हा दुसरा अभ्यास अधिक भरवशाचा वाटतो. मात्र तो मध्यम आणि उच्च जोखमीच्या शुश्रूषागृहवासीयांचा आहे, अतिदक्षता विभागातील रुग्णांना तो तसाच लावता येत नाही.

दुरुस्त प्रश्न असा होईल: ‘मेडिसिन वॉर्डात भरती झालेल्या, 60 वर्षांवरील, ब्रेडन गुण 18 किंवा कमी, त्वचा अखंड आणि स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णांत, पलंगाशेजारच्या घड्याळ-तक्त्यानुसार दर 2 तासांनी कूस बदलल्यास, त्याच प्रकारच्या गादीवरील नेहमीच्या काळजीच्या तुलनेत, 14 दिवसांत दुसऱ्या किंवा वरच्या टप्प्याची नवी इजा कमी रुग्णांना होते का?’ ब्रेडन मापनात गुण 6 ते 23 असतात आणि गुण जितके कमी तितकी जोखीम जास्त.

फलितात ‘नवी’ हा शब्द मुद्दाम आहे. भरतीच्याच दिवशी असलेली जखम मोजली तर आकडा नव्या इजांचा न राहता प्रचलनाचा होतो. पहिला टप्पा सोडला आहे, कारण सावळ्या त्वचेवर दाबल्यावर न जाणारी लाली सहज निसटते. तिथे आजूबाजूच्या त्वचेशी तुलना करून उष्णता, कडकपणा आणि दुखरेपणा तपासावा लागतो. ओलाव्याने सोललेली त्वचाही दुसऱ्या टप्प्यासारखी भासते. ती बहुधा पसरट असते आणि घड्यांत दिसते, तर दाबाची जखम माकडहाड किंवा टाचेसारख्या हाडाच्या उंचवट्यावर येते. म्हणून पाहणारी व्यक्ती गट न जाणणारी असावी आणि काही रुग्ण दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे तपासून निष्कर्षांचा मेळ पाहावा.

प्रश्न इतका नेमका झाला की नमुन्याचा हिशेबही मांडता येतो. नेहमीच्या काळजीत 20 टक्के आणि उपायाने 10 टक्के रुग्णांना इजा होईल असे गृहीत धरले, तर 80 टक्के सामर्थ्य आणि 5 टक्के सार्थकता पातळीवर प्रत्येक गटात सुमारे 200 रुग्ण लागतात. गट वॉर्डनिहाय पाडले तर त्याहून जास्त. तीस-तीस रुग्णांच्या प्रबंधात हे फलित पेलत नाही. तिथे ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष कूस बदलल्याचे प्रमाण हे फलित ठेवावे आणि शीर्षकातून ‘इजा-प्रतिबंध’ काढावा.